थोडे फोटो, एकच चेहरा, अडतीस कपडे: कॅटलॉग मॉडेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. कॅटलॉगसाठी मॉडेलची चित्रं संगणकावर तयार करण्याच्या या कामात दोन गोष्टींना 'मॉडेल' म्हणतात: कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आणि चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रामलाही. या पानावर मॉडेल म्हणजे माणूस, जिच्याशी लेखी करार झाला आहे ती. प्रोग्रामला मी 'बेस' म्हणतो. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवले आहेत, फक्त क्रमांक मी दिले आहेत. उदाहरणं मुख्यतः एकाच कामातली आहेत: एक मॉडेल, १४ फोटो आणि ३८ कपडे.

१. थोड्या फोटोंवरून तीच मॉडेल सगळ्या कपड्यांत दाखवायची, म्हणजे नेमकं करतात काय?

बेसला लाखो चेहरे साधारण माहीत असतात, पण तुमची मॉडेल माहीत नसते. तिच्या १०-२० फोटोंवरून एक छोटी जोडफाइल शिकवून घेतात, तिला लोरा म्हणतात. बेस जसाच्या तसा राहतो. लोरा त्याच्यावर बसते आणि एक ठरावीक खुणेचा शब्द आला की चेहरा तिच्याकडे वळवते. हा शब्द अर्थ नसलेला असावा, उदाहरणार्थ `mdl7x`. मॉडेलचं खरं नाव वापरू नका. त्याच नावाची एखादी प्रसिद्ध व्यक्ती बेसला आधीच ठाऊक असली तर दोन चेहऱ्यांची खिचडी होते, शिवाय फाइल कुठे गेली तर नावही सोबत जातं.

या कामाची एक मेख सुरुवातीलाच लक्षात घ्या. कॅटलॉगमध्ये दोन गोष्टी खऱ्या राहाव्या लागतात, चेहरा आणि कपडा. लोरा चेहरा सांभाळते, कपडा नाही. दोन्ही एकाच झटक्यात मागणाऱ्यांचेच निम्मे प्रश्न माझ्याकडे येतात. कपड्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे.

२. किती फोटो लागतात? माझ्याकडे शूटचे २०० आहेत, सगळे देऊ का?

नको. एकाच शूटचे २०० फोटो म्हणजे शिकणाऱ्याच्या दृष्टीने एकच फोटो २०० वेळा. तेच दिवे, तोच मेकअप, तेच हसू. १२ ते २० वेगवेगळे फोटो याहून चांगलं काम करतात.

आमच्या कामात १९ फोटो आले होते, त्यातले पाच बाद केले. दोन फोटोंवर फोनचं त्वचा गुळगुळीत करणारं फिल्टर होतं, एकात गॉगल होता, एकात अर्धा चेहरा केसांनी झाकला होता आणि एक हातभर अंतरावरून काढलेली सेल्फी होती. सेल्फी का बाद, असं पुष्कळ जण विचारतात. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. लोरा तेही इमानाने शिकते, मग लांबून दाखवलेल्या उभ्या फोटोतही सेल्फीतलं नाक येतं.

उरलेल्या १४ मध्ये सहा चेहऱ्याचे जवळचे, पाच कमरेपर्यंतचे आणि तीन पूर्ण उभे होते. पूर्ण उभे फोटो लोक विसरतात. ते नसतील तर चेहरा तिचा आणि बाकी अंग बेसच्या मनातलं, म्हणजे बहुतेक वेळा जास्त उंच आणि जास्त सडपातळ. खांद्यांची रुंदी आणि डोक्याचा आकार यांचं प्रमाण खऱ्या फोटोत मोजून ठेवा, पुढे पडताळायला लागतं.

प्रकाशाचं तारतम्य मात्र उलट आहे. दिशा वेगवेगळी असलेली बरी, पण रंग एकसारखा हवा. काही फोटो पिवळ्या बल्बखाली आणि काही खिडकीत काढलेले असतील तर तिची कांती प्रत्येक चित्रात थोडी हलते. करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन सगळ्यांचं व्हाइट बॅलन्स जुळवलं की हा त्रास बऱ्याच अंशी जातो.

३. आमच्याकडे जुन्या शूटचं सही केलेलं रिलीज आहे. तेवढं पुरत नाही का?

नाही. त्या कागदावर तिने शूटमध्ये तिचे काढलेले फोटो वापरायला हो म्हटलं होतं. इथे तुम्ही तिने कधीच न दिलेल्या पोझमध्ये, कधीच न घातलेल्या कपड्यांत तिला दाखवणार आहात. दोन्ही परवानग्या वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच कागदावर हव्यात. न्यूयॉर्क राज्यात १९ जून २०२५ पासून लागू झालेला फॅशन कामगारांचा कायदा हेच सांगतो: मॉडेलची डिजिटल प्रतिकृती करायची तर स्वतंत्र लेखी संमती हवी, आणि वापराची व्याप्ती, हेतू, मोबदल्याचा दर आणि मुदत तिच्यात लिहिलेली हवी. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, ही चार कलमं आराखडा म्हणून चांगली आहेत.

४. मग करारात आणखी काय लिहावं?

वकील तुमचाच. मी फक्त ज्या जागी प्रत्यक्षात अडतं त्या सांगतो.

पहिली जागा मोबदल्याची. मॉडेल एरवी दिवसावर पैसे घेते. इथे तिचा दिवस एकच आणि कपडे अडतीस, पुढच्या हंगामात शंभर. म्हणून 'एक दिवस, एक रक्कम' हा हिशेब तिच्यावर अन्याय करतो आणि नंतर भांडणाचं मूळ होतो. आम्ही प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक कपड्यामागे ठरावीक रक्कम असं लिहिलं आणि दर महिन्याला यादी तिला पाठवली. मोठ्या कंपन्यांतही हा विचार दिसतो. एच अँड एमने २०२५ मध्ये ३० मॉडेल्सच्या डिजिटल प्रतिकृती करायचं जाहीर केलं, तेव्हा प्रतिकृतीचे हक्क मॉडेलकडेच राहतील असंही सांगितलं होतं.

दुसरी जागा मनाईची यादी. अंतर्वस्त्रं आणि पोहण्याचे कपडे चालतील का, राजकीय किंवा औषधांच्या जाहिरातीत हा चेहरा जाईल का, अंगाचा बांधा बदलायला परवानगी आहे का. 'सर्व प्रकारची वस्त्रे' असं मोघम लिहिलेलं मी एकदा पाहिलं होतं. सही करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर जॅकेटं होती, कंपनीच्या डोळ्यांसमोर झोपायचे कपडे.

तिसरी जागा फाइलची. मूळ फोटो, लोरा आणि तयार चित्रं या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. प्रत्येकीचं काय होणार ते वेगळं लिहा: कोणाकडे राहील, दुसऱ्या कोणाला देता येईल का, आणखी एखादं साधन शिकवायला वापरता येईल का, मुदत संपल्यावर कधी पुसली जाईल. मुदत संपल्यावरचा गुंता प्रश्न १२ मध्ये.

५. प्रत्येक फोटोसोबत वर्णन लिहायचं असतं, पण त्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं?

जे बदलायला हवं ते लिहा. जे कायम राहायला हवं ते लिहू नका. ऐकायला हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. फोटोत दिसणाऱ्या पण शब्दांत न सांगितलेल्या सगळ्या गोष्टी खुणेच्या शब्दाला चिकटतात. चेहरा, जबडा, डोळ्यांचा आकार चिकटायलाच हवेत, म्हणून त्यांच्याबद्दल गप्प राहायचं. कपडे, भिंत, केसांची बांधणी, प्रकाश चिकटता कामा नये, म्हणून ते सांगून टाकायचे.

```
mdl7x woman, three-quarter view, wearing a black turtleneck,
hair tied back, soft window light, plain white wall
```

आमची पहिली फेरी इथेच फसली. १४ पैकी नऊ फोटोंत तिने एकच काळा उंच गळ्याचा टॉप घातला होता, आणि मी वर्णनात नुसतं `mdl7x woman, portrait` लिहून मोकळा झालो होतो. परिणाम असा की, उघड्या गळ्याच्या प्रत्येक ड्रेसखाली मानेभोवती काळी पट्टी उगवायची. लोराच्या मते ती पट्टी म्हणजे तिची मानच होती. वर्णनं नीट लिहून पुन्हा शिकवल्यावर पट्टी गेली. शक्य असेल तर शूटच्या दिवशीच चार-पाच साधे टॉप बदलायला सांगा, त्याने जो फायदा होतो तो कितीही वर्णनं लिहून होत नाही.

६. तिच्या गालावरचा तीळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे येतो. असं का?

`flip_aug` चालू असेल. फोटो कमी असले की आरशासारखे उलटून दुप्पट करण्याची ही सोय आहे. मांजर, खुर्ची, झाड यांना चालते, ओळखीच्या माणसाला चालत नाही. चेहरा कधीच दोन्ही बाजूंनी सारखा नसतो: भांग, भुवईची कमान, तीळ, एका कोपऱ्यातून सुरू होणारं हसू. ते बंद करा आणि पुन्हा शिकवा, यावर मधला उपाय नाही. आणि कोणी आधीच फोटो उलटून पाठवलाय का तेही पाहा. फोनचा पुढचा कॅमेरा काही वेळा आरशातलीच प्रतिमा जतन करतो.

७. सेटिंग्ज सांगा ना. आणि कुठे थांबायचं ते कसं कळतं?

एसडीएक्सएल जातीच्या बेसवर आम्ही ही वापरली:

```
resolution = "1024,1024"
network_dim = 16
network_alpha = 8
unet_lr = 1e-4
text_encoder_lr = 5e-5
flip_aug = false
save_every_n_epochs = 1
```

१४ फोटो, प्रत्येकाची १० वेळा उजळणी, एका वेळी दोन फोटो, म्हणजे एका फेरीत ७० पावलं. १५ फेऱ्यांची १०५० होतात. आकड्यांपेक्षा शेवटची ओळ महत्त्वाची आहे. प्रत्येक फेरीनंतर फाइल जतन करा, कारण चांगली फेरी शेवटचीच असेल असं नाही. आमची अकरावी होती.

निवडताना चेहरा किती जुळला एवढंच पाहू नका. फेऱ्या वाढतात तसा चेहरा जुळतच जातो आणि माणूस फसतो. मी प्रत्येक फाइलला तिने कधीच न केलेल्या तीन गोष्टी मागतो: पिवळा रेनकोट, मागे वळून पाहणं, मोठ्याने हसणं. सातव्या फेरीत रेनकोट छान होता, चेहरा मात्र तिच्या बहिणीचा वाटत होता. अकराव्यात दोन्ही बसलं. चौदाव्यात चेहरा हुबेहूब, पण रेनकोट काळपट झाला, हसू जाऊन प्रशिक्षणातल्या फोटोचं मिटलेलं तोंड परत आलं आणि कातडीवर भाजल्यासारखा करकरीतपणा दिसायला लागला. याला पाठांतर म्हणायचं. शिकणं संपून घोकंपट्टी सुरू झाली की मागची फेरी उचलायची.

चित्र काढताना लोराचा जोर पूर्ण १ ठेवायची गरज नसते. ०.८ च्या आसपास कपड्यांना मोकळीक मिळते आणि चेहरा पुढच्या टप्प्यात दुरुस्त होतो (प्रश्न ९).

८. चेहरा ठीक आहे, पण आमचा कपडाच बदलतो. शर्टाला सहा बटणं आहेत, चित्रात आठ येतात. प्रिंटही वेगळं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर शब्दांत नाही. 'निळ्या पट्ट्यांचा शर्ट, सहा बटणं' असं कितीही बारकाईने लिहिलं तरी बेस त्याच्या कल्पनेतला पट्ट्यांचा शर्ट काढणार. तो तुमचा शर्ट नाही. गिऱ्हाइकाला चित्रातला शर्ट विकायचा आणि घरी दुसरा पाठवायचा, ही साधी फसवणूक आहे.

यासाठी कपडा चढवणारी तयार साधनं आहेत. सपाट ठेवलेल्या कपड्याचा फोटो आणि माणसाचा फोटो दिला की कपडा अंगावर बसतो. एका रंगाच्या टी-शर्टला ती पुरतात. बारीक चौकडी, अक्षरं, भरतकाम, लेस इथे ढिली पडतात. शिवाय परवाना वाचा. आयडीएम-व्हीटॉन आणि कॅटव्हीटॉन ही दोन्ही गाजलेली साधनं अव्यापारी परवान्याखाली आहेत, म्हणजे विक्रीच्या कॅटलॉगसाठी नाहीत.

आम्ही उलटा रस्ता धरला: कपडा अजिबात तयार करायचा नाही, त्याच्याभोवतीची बाई तयार करायची. प्रत्येक कपडा मॅनेकिनवर चढवून, एकाच उंचीच्या कॅमेऱ्याने, एकाच प्रकाशात फोटो काढले. मग कपड्याचा मास्क कापला. मास्कच्या आत हात लावायचा नाही. बाहेरचं सगळं, म्हणजे डोकं, मान, हात, पाय आणि पार्श्वभूमी, लोरा लावून नव्याने भरायचं.

निळ्या पट्ट्यांच्या शर्टाचं उदाहरण सांगतो. पहिल्या प्रयत्नात कॉलरच्या आत पांढरी चकती दिसत होती. ती मॅनेकिनच्या मानेची कड होती, कारण मास्क कॉलरच्या मागच्या बाजूला नीट कापला नव्हता. ती जागा मास्कमधून काढली. दुसऱ्या प्रयत्नात मान आली, पण कॉलर मानेवर चिकटवल्यासारखी, कारण खाली सावली नव्हती. मास्कची हद्द कातडीच्या बाजूला आठ पिक्सेल सैल सोडली, तेव्हा बेसला सावली टाकायला जागा मिळाली. कापडाच्या बाजूला मात्र एक पिक्सेलही सोडायचा नाही, सोडला की शिवणीची रेघ विरघळते.

तिसऱ्यात सगळं जमलं असं वाटलं, आणि मोठं करून पाहिलं तर पट्ट्या मधेच तुटलेल्या. मास्कच्या आत हात लावला नव्हता ना? लावला होता, नकळत. ही साधनं चित्र आधी आठपट आकसून एका सांकेतिक रूपात नेतात आणि मग परत उलगडतात. त्या जाण्यायेण्यात मास्कमधले पिक्सेलही किंचित बदलतात. साध्या कापडावर कळत नाही, बारीक पट्ट्यांवर लगेच कळतं. म्हणून शेवटची पायरी सक्तीची: मूळ फोटोतला कपडा तयार चित्रावर जसाच्या तसा परत चिकटवायचा. तेवढं केलं की बटणं सहाच राहतात, कारण ती कोणी काढलेलीच नसतात, कॅमेऱ्यातूनच आलेली असतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. दिसणारी बसण मॅनेकिनवरची आहे, मॉडेलच्या अंगावरची नाही. मॅनेकिनचं माप तिच्या मापाजवळचं निवडा आणि मागून पिना लावून कपडा आवळू नका. हात कपड्यावरून जाणाऱ्या पोझ टाळा. खिशात हात, हाताची घडी, खांद्यावरून पुढे आलेले मोकळे केस, या तिन्हींत मास्क फाटतो. ३८ पैकी चार कपडे आम्ही शेवटी तिला खरोखर बोलावून, अंगावर चढवूनच काढले: एक घेरदार ड्रेस, दोन पारदर्शक बाह्यांचे टॉप आणि एक सॅटिनचा स्कर्ट. पारदर्शक कापडातून मॅनेकिनचा हात दिसतो, आणि सॅटिनवरची चमक भोवतालच्या प्रकाशाशी जुळली नाही की डोळ्याला लगेच खटकते.

९. जवळून तीच दिसते, पण पूर्ण उभ्या चित्रात भलतीच बाई होते.

लोरा बिघडलेली नाही, जागा अपुरी आहे. ८३२ × १२१६ पिक्सेलच्या उभ्या चित्रात डोक्याला साधारण १४० पिक्सेल मिळतात, भुवईपासून हनुवटीपर्यंत ९०. वर सांगितलेल्या आठपट आकसण्यानंतर हेच अंतर ११ चौकटींचं राहतं. ११ चौकटींत कोणाचंच नाक नीट काढता येत नाही.

उपाय म्हणजे चेहऱ्याची वेगळी फेरी. डोक्याभोवती मान आणि थोडे केस येतील एवढा चौकोन कापा, तो १०२४ पर्यंत मोठा करा, लोराचा जोर ०.९ किंवा १ करून फक्त तेवढाच भाग पुन्हा काढा आणि लहान करून जागेवर बसवा. बदलाचं प्रमाण, म्हणजे डीनॉइज, ०.३५ ते ०.४५. त्याखाली चेहरा बदलत नाही, वर गेलात तर मान वळलेली दिशा आणि चेहऱ्याची दिशा जुळेनाशी होते. चौकोन फार आवळून कापला तर चेहरा बसतो पण केसांची कड मुखवट्यासारखी दिसते.

ही फेरी कपडा परत चिकटवण्याच्या आधी करा, नंतर नाही. नंतर केलीत तर कॉलर पुन्हा त्या जाण्यायेण्यातून जाते.

१०. शिकवत बसण्यापेक्षा एकाच फोटोवरून चेहरा उचलणारी साधनं वापरली तर?

चार-पाच कपड्यांसाठी चालेल. आयपी-अडॅप्टर, इन्स्टंटआयडी ही त्या जातीची. शिकवायला लागत नाही, एक फोटो दिला की काम सुरू. पण एका फोटोत नसलेली बाजू त्यांना माहीत नसते. समोरचा फोटो दिलात तर पाऊण वळलेल्या चेहऱ्याचं नाक ती अंदाजाने काढतात, आणि हा अंदाज प्रत्येक चित्रात थोडा वेगळा असतो. दहाव्या कपड्यापर्यंत चुलत बहिणींचा मेळावा भरतो.

दुसरी अडचण पुन्हा परवान्याची. इन्स्टंटआयडी आणि आयपी-अडॅप्टरचा फेसआयडी प्रकार चेहरा ओळखायला इनसाइटफेसच्या तयार फाइल्स वापरतात, आणि त्या फाइल्स अव्यापारी संशोधनापुरत्याच दिलेल्या आहेत. वरचं साधन मोकळं दिसतं, अडकतं ते आतल्या भागापाशी.

११. चेहरा 'जुळतो' हे ठरवायचं कोणी? आमच्यात रोज वाद होतात.

वाद होणारच, कारण तासभर तीच चित्रं पाहिली की डोळा सरावतो. दोन चाळण्या लावा.

पहिली आकड्याची. चेहरा ओळखणारं साधन प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक ओळ करतं आणि दोन ओळी किती जवळ आहेत ते सांगतं. त्यासाठी कोणी सांगितलेला आयता आकडा घेऊ नका. आधी तिचे खरे फोटो एकमेकांशी ताडून पाहा. आमच्या १४ फोटोंत समोरचे आणि पाऊण वळलेले यांच्यातलं साम्य ०.५८ ते ०.८१ च्या दरम्यान आलं. म्हणजे खरी ती स्वतःशीच ०.५८ पर्यंत खाली जाते. आम्ही ०.६ च्या खालची चित्रं बाद केली. पूर्ण बाजूने काढलेल्या चेहऱ्यांना हा नियम लावला नाही, तिथे आकडा घसरतोच. मोजायच्या साधनालाही प्रश्न १० मधला परवान्याचा मुद्दा लागू आहे.

दुसरी चाळणी माणसाची, कारण आकड्याला तीळ, कानाची पाळी, भांग यांचं सोयरसुतक नसतं. सगळे ३८ चेहरे एका आकारात कापून एका पानावर लावा, मधे तिचे चार खरे फोटो मिसळा, आणि या कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी विचारा, 'यात वेगळी बाई कोणती?' आमच्याकडे हिशेब पाहणाऱ्या मावशींनी तीन चित्रांवर बोट ठेवलं. तिन्हींचा आकडा ०.६५ च्या वर होता. तिन्हींत भुवया जास्त जाड आल्या होत्या. मॉडेलने स्वतः पूर्ण चित्रं पाहिली तेव्हा तिने चौथंही काढलं, 'हा माझा हात नाही' म्हणून. शेवटची मंजुरी तिची, हे करारातच असलेलं बरं.

१२. करार संपला किंवा तिने संमती मागे घेतली. फोटो पुसले की झालं ना?

नाही. लोरा ही तिच्या फोटोंपासूनच बनलेली वस्तू आहे, फोटो पुसून ती निष्प्रभ होत नाही. १४ फोटो गेले तरी त्या लहानशा फाइलमधून तिचा चेहरा हवा तेवढ्या वेळा काढता येतो. ती पुसायला हवी. आणि आठवा, प्रश्न ७ प्रमाणे तुम्ही प्रत्येक फेरीची फाइल जतन केली होती, म्हणजे पंधरा फाइल्स. शिवाय बॅकअप, भाड्याच्या मशीनवरची प्रत, बाहेरच्या रिटचरला पाठवलेली प्रत. आम्ही पहिल्या दिवसापासून एका वहीत प्रत्येक प्रतीची जागा लिहितो. नंतर शोधायला गेलं तर एखादी प्रत सापडत नाही.

आधीच प्रसिद्ध झालेल्या चित्रांचं काय, हे करारातल्या शब्दांवर ठरतं. माल संपेपर्यंत राहू द्यायची की ठरल्या दिवशी उतरवायची, दोन्ही पद्धती दिसतात. काहीच लिहिलेलं नसेल तर उतरवा.

१३. तिने केस कापले. आता सगळं नव्याने?

वर्णनात केस लिहिले असतील (प्रश्न ५) तर नाही, चित्र मागताना `short bob hair` म्हणून पाहा. वजनात मोठा फरक पडला, दातांना तारा लागल्या किंवा वय चेहऱ्यावर दिसायला लागलं तर नवे फोटो आणि नवी लोरा. जुन्या लोराने तिला कायम तशीच ठेवायचं की नाही, हे तिला विचारून ठरवा.

१४. एकाच चित्रात आमच्या दोन मॉडेल हव्यात. दोन्ही लोरा एकदम लावल्या तर दोघी सारख्याच दिसतात.

दिसणारच. दोन्ही लोरा पूर्ण चित्रावर काम करतात, डावीकडची कोण आणि उजवीकडची कोण हे त्यांना कळत नाही. आधी कोणतीच लोरा न लावता दोघींची मांडणी काढा, मग प्रश्न ९ मधली चेहऱ्याची फेरी दोनदा करा, प्रत्येक चेहऱ्याला फक्त तिची लोरा. अंगाचा बांधा मात्र या मार्गाने नीट येत नाही. दोघींच्या उंचीत चांगला फरक असेल तर दोघींना वेगवेगळं काढून एकत्र बसवणं सोपं पडतं.

१५. चित्र असं तयार केलंय हे गिऱ्हाइकाला सांगायचं का?

आम्ही अशा प्रत्येक चित्राखाली एक ओळ देतो: 'कपड्याचा फोटो खरा आहे. मॉडेलची प्रतिमा तिच्या संमतीने संगणकावर तयार केली आहे.' आणि दर कपड्यामागे मॅनेकिनवरचा मूळ फोटोही शेवटच्या जागी ठेवतो. लोक त्यावर क्लिक करतात. मापाबद्दलच्या शंका त्यावरूनच येतात, मॉडेलच्या फोटोवरून नाही.

कायदा जागोजागी निराळा आहे आणि बदलतोय, म्हणून जिथे विकता तिथला पाहा. पण ओळ लिहिताना 'मॉडेलने घातलेला' असा शब्दप्रयोग टाळा. त्या ३८ पैकी चौतीस कपडे तिने हातातही धरलेले नाहीत.